निवासी शिबिराची संमतीपत्रं गोळा करताना

गेल्या उन्हाळ्यात आमच्या दहा दिवसांच्या निवासी शिबिरात 48 मुलं होती. वय 9 ते 14. खेळ, भटकंती, तंबू हे सगळं सांभाळणारे ताई-दादा अनुभवी होते. पालकांची संमतीपत्रं आणि तातडीचे संपर्क गोळा करायचं काम मात्र माझ्याकडे आलं आणि मी ते पहिल्यांदाच करत होते. तुमच्याकडे हे काम नव्यानं आलं असेल तर कुठे वेळ जातो, कुठे अडतं आणि काय आधीच विचारून ठेवावं, हे कळावं म्हणून सगळं क्रमानं लिहिते आहे.

शिबिराला आठ आठवडे असताना जुना फॉर्म हातात आला. एक पान होतं. मुलाचं नाव, पत्ता, पालकांचा नंबर, 'काही आजार आहे का?' अशी एक ओळ, आणि खाली 'माझ्या पाल्यास शिबिरातील सर्व उपक्रमांत भाग घेण्यास माझी संमती आहे'. त्याखाली सही. वरवर पाहता काही कमी नव्हतं. पण पूर्वी शिबिरात असलेल्या एका ताईनं मला एक गोष्ट सांगितली, आणि पुढचं सगळं काम मी ती धरूनच केलं. ती म्हणाली, "हा फॉर्म ऑफिसात बसून कोणी वाचत नाही गं. तो वाचला जातो रात्री दीड वाजता, टॉर्चच्या उजेडात. वाचणाऱ्याला ते मूल चार दिवसांपूर्वी पहिल्यांदा भेटलेलं असतं. त्या माणसाला काय लागेल ते विचार."

म्हणून नवा फॉर्म करताना मी आधी एका बालरोगतज्ज्ञांना भेटले. दवाखान्यात अनोळखी मूल आलं तर तुम्ही पहिल्यांदा काय विचारता, एवढाच माझा प्रश्न होता. त्यांनी सांगितलेलं मी तसंच उतरवून घेतलं: वजन किती, कारण मुलांच्या औषधाचा डोस वजनावर ठरतो. कुठल्या औषधाची किंवा पदार्थाची ॲलर्जी आहे, आणि ती झाली तेव्हा नेमकं काय झालं. रोज कुठली औषधं चालू आहेत. धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली. पूर्वी कधी दवाखान्यात भरती व्हावं लागलं का. आणि संमती द्यायचा अधिकार असलेला माणूस आत्ता फोनवर मिळेल का.

या शेवटच्या प्रश्नावर आम्ही जरा जास्त बोललो. जीव धोक्यात असेल तर डॉक्टर सहीसाठी थांबत नाहीत, उपचार सुरू करतात. अडतं ते मधल्या प्रकारांत. हनुवटीला टाके घालायचे आहेत, भूल देऊन हाड बसवायचं आहे, रात्रभर निरीक्षणाखाली ठेवायचं आहे. इथे घाई असते, पण जिवावरचं नसतं, आणि डॉक्टरांना पालकांशी बोलायचं असतं. फॉर्मवरची 'तातडीच्या उपचारांना संमती आहे' ही ओळ उपयोगी पडते. पालकांशी बोलणं मात्र तिनं टळत नाही. त्यामुळे चालू, बरोबर आणि उचलला जाणारा फोन नंबर हा सहीइतकाच संमतीचा भाग आहे.

नवा फॉर्म दोन पानांचा झाला. एकगठ्ठा संमती मी मोडून टाकली. शिबिरात राहण्याची एक, पाण्यातल्या उपक्रमांची वेगळी, दोरावर चढण्याची वेगळी, तातडीच्या उपचारांची वेगळी, आणि फोटो काढून बाहेर वापरण्याची सगळ्यांपासून वेगळी. प्रत्येकीपुढे हो आणि नाही असे दोन चौकोन, दोन्ही रिकामे. आधीच खूण केलेला चौकोन ठेवला नाही, कारण तो पालकांनी वाचला की नुसता सोडून दिला हे कधीच कळत नाही. पाण्याच्या उपक्रमापुढे 'पोहता येतं का?' असं न विचारता 'पाय टेकत नाहीत अशा पाण्यात न थांबता किती अंतर पोहतो/पोहते?' असं विचारलं. पहिल्या प्रश्नाला बहुतेक पालक हो म्हणतात. दुसऱ्याला ते मुलाला हाक मारून विचारतात.

एक वाक्य मी काढायला लावलं. जुन्या फॉर्मवर 'अपघात झाल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत' असं होतं. पालक संमती देतात ती उपक्रमातला समजावून सांगितलेला धोका स्वीकारायला. आपण निष्काळजीपणा केला तर तो माफ व्हावा म्हणून ते सही करत नाहीत, आणि तसं लिहून घेतल्यानं आपली जबाबदारी जातही नाही. शिबिरप्रमुखांना हे पटवायला एक बैठक लागली. त्याऐवजी प्रत्येक उपक्रमात काय करणार, किती मुलांमागे किती मोठी माणसं असणार आणि सुरक्षिततेसाठी काय वापरणार, हे तीन-तीन ओळींत लिहून फॉर्मसोबत जोडलं. पालक कशाला हो म्हणताहेत हे त्यांना माहीत नसेल तर त्या 'हो'ला काही वजन नाही.

फॉर्म शिबिराच्या सहा आठवडे आधी गेले. परत देण्याची शेवटची तारीख शिबिराच्या तीन आठवडे आधीची ठेवली. पहिल्या आठवड्यात निम्म्याहून अधिक फॉर्म आले आणि मला वाटलं, हे काम सोपं दिसतंय. मग ओघ आटला. शेवटच्या तारखेनंतरही काही फॉर्म यायचे राहिले होते. सामूहिक आठवणी पाठवून काहीच होत नव्हतं. सगळ्यांना उद्देशून लिहिलेला संदेश ज्यांनी फॉर्म दिलाय तेच मन लावून वाचतात. त्यामुळे प्रत्येकाला वेगळा संदेश केला, आणि 'फॉर्म द्या' असं मोघम न लिहिता काय राहिलंय तेवढंच लिहिलं: 'दुसऱ्या पानावर सही राहिली आहे', 'लसीची तारीख राहिली आहे'. तेव्हा फॉर्म येऊ लागले. मुदतीनंतर दहा दिवसांत सही आली नाही तर मूल येऊ शकणार नाही, हेही त्यात लिहिलेलं होतं. ते लिहिताना मला जड गेलं. पण त्याखेरीज शेवटचे काही फॉर्म आले असते असं वाटत नाही.

याच काळात एक गोष्ट घडली ती सांगायला हवी. एका पालकांनी भरलेल्या फॉर्मचा फोटो सरळ सगळ्या पालकांच्या गटात टाकला. मुलाला रात्री अंथरूण ओलं होण्याचा त्रास आहे हे त्यात लिहिलेलं होतं. तो संदेश लगेच पुसायला लावला, पण तोवर काहींनी तो पाहिलेला असणारच. त्या दिवसापासून गटाच्या माथ्यावर एकच सूचना ठेवली: फॉर्म किंवा मुलाविषयी कुठलीही माहिती इथे टाकू नका, फक्त शिबिराच्या नंबरवर पाठवा. ही सूचना पहिल्याच दिवशी, फॉर्म पाठवतानाच दिलेली बरी.

आता सहीविषयी. फॉर्मवर सही असली म्हणजे संमती मिळाली असं मी धरलं नाही. सही कोणाची आहे आणि त्या व्यक्तीला सही करायचा अधिकार आहे का, हे दोन्ही पाहिलं. मूल आजीकडे राहतं, आजीच त्याचं सगळं करते, आणि सहीही आजीचीच आहे, असे फॉर्म आले. माणूस म्हणून त्यांच्याइतका हक्क कोणाचा असेल? पण कायद्यानं पालकत्व आई-वडिलांकडेच असेल तर दवाखान्यात आजीची सही अपुरी ठरू शकते. अशा वेळी मी दोनपैकी एक कागद मागितला. न्यायालयानं पालक नेमलं असेल तर त्या आदेशाची प्रत, नाहीतर आई किंवा वडिलांनी सही केलेलं अधिकारपत्र: या तारखेपासून या तारखेपर्यंत आमच्या मुलाच्या उपचारांबाबत निर्णय घ्यायचा अधिकार यांना देत आहोत. ते पुरेसं आहे का, हे तिथल्या नियमांप्रमाणे एखाद्या वकिलाला विचारून घ्यावं. आम्ही मजकुराचा नमुना वकिलांकडून तपासून घेतला आणि तोच सगळ्यांना दिला, म्हणजे कोणाला शब्द शोधत बसावं लागलं नाही.

वेगळं राहणाऱ्या आई-वडिलांचे फॉर्म सगळ्यांत नाजूक. एका मुलीच्या आईनं फोन करून सांगितलं, "तिच्या वडिलांना काही कळवू नका." मी त्यांना विचारलं, "ताई, तसा न्यायालयाचा काही आदेश आहे का? असेल तर प्रत द्या, आम्ही तो तंतोतंत पाळू." आदेश नव्हता. मग मी त्यांना शांतपणे सांगितलं की आम्ही आपणहून वडिलांना फोन करणार नाही, पण त्यांचा हक्क नाकारायचा अधिकारही आम्हाला नाही. मात्र मुलीला घ्यायला कोण येणार हे नाव तुम्ही आधी लिहून द्या, त्याखेरीज कोणीही आलं तर तुम्हाला फोन केल्याशिवाय मुलगी सोडणार नाही. त्यांना तेवढं पुरलं. अशा घरांत कोण बरोबर, कोण चूक हे ठरवणं आपलं काम नाही. आपल्याला कागदावर काय आहे ते विचारायचं आणि त्याप्रमाणे वागायचं. मुलीला मात्र यातलं काही आमच्याकडून ऐकावं लागू नये, याची मी पुरेपूर काळजी घेतली.

सगळ्यांत जास्त वेळ तातडीच्या संपर्कांना लागला. तिथे नेमकं काय अडतं हे एका मुलाच्या फॉर्मवरून सांगते.

मुलगा अकरा वर्षांचा. फॉर्म स्वच्छ अक्षरात, एकही जागा रिकामी नाही. आजाराच्या रकान्यात 'थोडा दमा' असे दोनच शब्द. तातडीचे संपर्क तीन: आई, वडील, आत्या. सह्या बरोबर. असा फॉर्म पाहिला की तो पूर्ण झालेल्या गठ्ठ्यात जातो. पण आम्ही फॉर्ममध्ये एक नवा प्रश्न घातला होता: 'शिबिराच्या दहा दिवसांत तुम्ही कुठे असाल?' त्यापुढे लिहिलं होतं, 'पाचव्या दिवशी संध्याकाळपासून परदेश प्रवास'. म्हणून त्यांना फोन केला. मुलाच्या आईशी बोलणं झालं. प्रवासाला कोण कोण जाणार विचारल्यावर त्या म्हणाल्या, "आम्ही दोघं आणि माझी नणंद." म्हणजे फॉर्मवरचे तिन्ही संपर्क एकाच विमानात! पाचव्या रात्री या मुलासाठी उचलायला कोणीही नव्हतं.

हे दिसतं त्याहून फार जास्त वेळा घडतं. मुलं शिबिराला गेली की मोठी माणसं प्रवासाला निघतात. त्यामुळे मी संपर्कांसाठी एक नियम केला. पहिले दोन पालक, तिसरा माणूस वेगळ्या घरात राहणारा, त्या दिवसांत प्रवासाला न जाणारा, आणि आपलं नाव दिलंय हे माहीत असलेला. शेवटची अट वरकरणी किरकोळ वाटते. पण तिसऱ्या नंबरांवर फोन केले तेव्हा कित्येक जणांना आपलं नाव दिल्याचं ठाऊकच नव्हतं. एक गृहस्थ म्हणाले, "मुलगा ओळखीचा आहे हो, पण त्याला काय औषध चालतं ते मला कुठे माहीत?" पालकांनी विचारून, समजावून दिलेलं नाव आणि आठवलं म्हणून लिहिलेलं नाव यांत हाच फरक पडतो.

या मुलाच्या बाबतीत मावशीचं नाव ठरलं. ती दुसऱ्या गावी राहायची, त्या दिवसांत घरीच असणार होती. तिच्या नावानं प्रवासाच्या तारखांपुरतं अधिकारपत्र आई-वडिलांनी दिलं. मग 'थोडा दमा' या दोन शब्दांवर आम्ही बोललो. मी एकेक विचारत गेले. कशानं त्रास होतो? धूळ, थंड हवा, खूप पळणं. शेवटचा त्रास कधी झाला? दोन महिन्यांपूर्वी. इनहेलर कुठला? एक रोजचा आणि एक त्रास झाला की घ्यायचा. स्पेसर वापरतो का, म्हणजे इनहेलरपुढे लावायची ती नळी? हो, त्याशिवाय त्याला नीट घेता येत नाही. कधी भरती व्हावं लागलं? इथे त्या जरा थांबल्या. "गेल्या हिवाळ्यात एक रात्र ठेवलं होतं." हे फॉर्मवर नव्हतं. लपवायचं म्हणून नव्हे. घरच्यांना रोजचं झालेलं असतं, त्यामुळे त्यांना तो खरोखरच थोडा वाटतो. आजाराच्या रकान्यात 'थोडा', 'कधीकधी', 'विशेष नाही' असे शब्द दिसले की फोन करायचाच, हे मी तेव्हापासून ठरवून टाकलं.

त्यांच्या डॉक्टरांकडून अर्ध्या पानाची सूचना मागवली: त्रास सुरू झाला तर किती पफ, किती वेळ वाट पाहायची, कुठल्या खुणा दिसल्या की थेट दवाखाना. औषधं मूळ वेष्टनात, मुलाच्या नावानिशी, शिबिर संपेपर्यंत पुरतील एवढी, आणि 'ही औषधं शिबिरातल्या माणसांनी द्यावीत' अशी वेगळी लेखी परवानगी. बाकीची औषधं प्रथमोपचाराच्या कुलूपबंद कपाटात राहणार होती. पण त्रास झाल्यावर घ्यायचा इनहेलर कुलपात ठेवायचा नसतो. तो मुलाच्या किंवा त्याच्या तंबूतल्या दादाच्या हाताशी असायला हवा, कारण किल्ली शोधायला तेव्हा वेळ नसतो.

आता नंबर तपासणं. सगळे नंबर एका तक्त्यात उतरवताना दोन अडचणी आल्या. एक म्हणजे आकड्याच्या सुरुवातीचं शून्य आणि देशाच्या क्रमांकापुढचं + हे चिन्ह तक्ता आपोआप गाळून टाकतो, कारण तो नंबराला संख्या समजतो. यावर उपाय असा की नंबर भरण्याआधीच ते रकाने मजकूर म्हणून ठरवून घ्यायचे. रकाने नंतर बदलले तर गेलेलं शून्य परत येत नाही. दुसरी अडचण अशी की काही पालकांनी पहिल्या आणि तिसऱ्या संपर्काला एकच नंबर लिहिला होता, नावं तेवढी वेगळी. डोळ्यांना ते पटकन दिसत नाही, म्हणून शेजारच्या रकान्यात हे घातलं (F मध्ये पहिला नंबर, H मध्ये तिसरा):

```
=IF(F2=H2,"तपासा","")
```

यानं फक्त तंतोतंत सारखे नंबर सापडतात. एकात मध्ये जागा सोडली असेल आणि दुसऱ्यात नसेल तर ते निसटतात. म्हणून आधी सगळ्या मोकळ्या जागा आणि रेघा काढून टाकल्या.

तरीही नंबर बरोबर आहे म्हणजे फोन उचलला जाईल असं नाही. अनोळखी नंबर बरेच जण उचलत नाहीत, आणि रात्री तर फोन गप्पच करून ठेवलेला असतो. त्यामुळे शिबिराच्या एक आठवडा आधी सगळ्यांना चाचणी फोन केले. ते माझ्या फोनवरून न करता, शिबिरात जो फोन रात्रंदिवस चालू राहणार होता त्याच फोनवरून केले. उचलला की तीनच गोष्टी: तुम्ही कोण बोलताय आणि मुलाशी तुमचं नातं काय हे त्यांच्याच तोंडून ऐकायचं. हा नंबर आत्ताच नाव घालून जपून ठेवायला सांगायचं. आणि रात्री फोन गप्प ठेवत असाल तर या नंबराला त्यातून सूट द्या, असं सांगायचं. बहुतेक फोनमध्ये निवडक नंबरांना अशी सूट देता येते, आणि त्याच नंबरवरून थोड्याच वेळात दुसऱ्यांदा आलेला फोन वाजू द्यायचीही सोय अनेकांत असते. म्हणून आमच्या ताई-दादांनाही सांगून ठेवलं की रात्री फोन करायची वेळ आली तर एकदा करून सोडू नका, लगेच दुसऱ्यांदा करा.

या फोनांत काही संध्याकाळी गेल्या. बंद पडलेले नंबर, एक आकडा चुकलेले नंबर, कामाच्या ठिकाणचे नंबर जे सहानंतर कोणी उचलत नाही, हे सगळं तेव्हाच कळलं. खर्च म्हणाल तर छपाई, झेरॉक्स, पाकिटं आणि फोन एवढाच. ज्याची खरी तरतूद करायला हवी तो वेळ. प्रत्येक मुलामागे पाऊण तास धरा. काहींना दहा मिनिटं पुरतात आणि काहींना दोन तास लागतात, पण कोणाला किती लागतील हे आधी कळत नाही.

माहिती कोणाला किती द्यायची, यावर आम्ही पुष्कळ विचार केला. पूर्ण फॉर्मच्या छापील प्रती तीन ठिकाणी ठेवल्या: शिबिराच्या जागी कार्यालयात, शिबिरप्रमुखांच्या बॅगेत बंद पाकिटात, आणि शिबिराला न येणाऱ्या, पण रोज फोनवर मिळणाऱ्या एका कार्यकर्त्याकडे. छापील यासाठी की शिबिराच्या जागी नेटवर्क येतं-जातं आणि फोनची बॅटरी संपते. तिसरी प्रत बाहेर यासाठी की प्रवासात बसलाच काही झालं तर कागद आणि माणसं दोन्ही एकाच ठिकाणी अडकतात. गटाच्या ताई-दादांना मात्र फॉर्म दिले नाहीत. त्यांच्या गटातल्या मुलांचं एकेक छोटं कार्ड दिलं: नाव, ॲलर्जी, औषध आणि वेळ, काय जपायचं, पहिला फोन कोणाला. स्वयंपाकघरात फक्त खाण्याच्या ॲलर्जीची यादी, मुलांच्या फोटोंसह. ज्या मुलाच्या फॉर्मचा फोटो गटात गेला होता, त्याची अडचण त्याच्या तंबूतल्या दादाखेरीज कोणाला सांगितली नाही.

निघायच्या दिवशी बसपाशी एक टेबल मांडलं. औषधं पालकांच्या हातून घ्यायची, मोजून लिहायची, त्यांची सही घ्यायची. मुलाच्या दप्तरातून आलेलं औषध स्वीकारायचं नाही, पालकांना परत बोलवायचं. आणि प्रत्येक पालकाला एकच प्रश्न: "फॉर्म दिल्यापासून काही बदललंय का?" हा प्रश्न ठेवाच. एका मुलीला आदल्या दिवशीच नवं औषध सुरू झालं होतं. एका वडिलांनी नंबर बदलला होता.

आणि मग पाचवी रात्र आली. दुपारी भटकंतीत धूळ खूप होती. रात्री अकराच्या सुमारास दमा असलेला तो मुलगा खोकत उठला. दादानं कार्ड पाहिलं, स्पेसर लावून सूचनेप्रमाणे पफ दिले, त्याला बसतं केलं आणि वेळ लिहून ठेवली. थोडं बरं वाटलं, पण ठरलेला वेळ गेल्यावरही तो एका दमात पूर्ण वाक्य बोलू शकत नव्हता. 'थेट दवाखाना' या ओळीखाली डॉक्टरांनी लिहिलेली ती पहिलीच खूण होती. त्यामुळे काय करायचं यावर कोणाला चर्चा करावी लागली नाही. गाडी निघाली, वाटेत सूचनेप्रमाणे पफ चालू ठेवले, आणि निघतानाच मी मावशीला फोन केला. आई-वडिलांच्या नावापुढे प्रवासाचे तास लिहिलेले होते, म्हणून त्यांच्या बंद फोनवर वेळ घालवला नाही. मावशीनं पहिल्या फोनला उचललं नाही. लगेच दुसरा केला, तो तिनं उचलला. नंबर नावानिशी जपलेला होता, त्यामुळे 'कोण बोलतंय' इथपासून सुरुवात करावी लागली नाही. ती एवढंच म्हणाली, "बोला ताई, काय झालं?"

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलेलं जवळजवळ सगळं कागदावर होतं. वजन, रोजचं औषध, गेल्या हिवाळ्यातली भरती, कुठल्याही औषधाची ॲलर्जी नाही. पफ किती आणि कधी दिले, हे दादाच्या टिपणात होतं. त्यांनी उपचार सुरू केले, मावशीशी फोनवर स्वतः बोलले, अधिकारपत्र पाहिलं आणि सकाळपर्यंत ठेवून घ्यायचं ठरवलं. मुलगा जागा होता. त्यालाही मावशीशी बोलायला दिलं. मला वाटतं त्याच्या चेहऱ्यावरची भीती तेव्हा उतरली. आई-वडिलांसाठी मी एक संदेश लिहून ठेवला, काय झालं, काय केलं, आता कसा आहे, आणि कुठल्या नंबरवर फोन करावा. तो त्यांना उतरल्यावर मिळाला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी शिबिरात परत जायला हरकत नाही असं लिहून दिलं, आई-वडिलांना विचारून आम्ही त्याला परत आणलं. राहिलेल्या दिवसांत धुळीच्या वाटेवर त्याला नेलं नाही.

शेवटच्या दिवशी मुलं सोपवताना घ्यायला येणाऱ्यांची यादी हातात धरून उभी होते. नाव यादीत आहे का, ओळखपत्र त्याच नावाचं आहे का, आणि सही. ओळखीच्या माणसालाही हेच केलं, नाहीतर अनोळखी माणसाला तेच सांगताना अवघडल्यासारखं होतं. एका मुलाला घ्यायला काका आले, यादीत नाव नव्हतं. आईला फोन केला, तिनं हो म्हटल्याचं वेळेसह लिहिलं आणि लेखी संदेशही मागवला. काका पंधरा मिनिटं थांबले, काही बोलले नाहीत. उरलेली औषधं मोजून परत दिली.

त्यानंतरही काम बाकी होतं. 48 मुलांचे आजार, पत्ते, घरातले ताण असे कागदांत पडून राहणं मला बरोबर वाटत नव्हतं. त्या रात्रीच्या घटनेचा फॉर्म आणि टिपणं नोंदवहीसोबत ठेवली, कारण पुढे कोणी विचारलं तर ती लागतात. अशा नोंदी किती काळ ठेवायच्या हे आपल्या संस्थेच्या आणि कायद्याच्या नियमाप्रमाणे ठरवावं. बाकीचे फॉर्म महिनाभरानं तिन्ही ठिकाणांहून गोळा करून मशीनमध्ये बारीक करून टाकले. मग डिजिटल प्रती: शिबिराच्या फोनमधले फोटो, ईमेलला जोडून आलेल्या फायली, सगळ्यांनी मिळून वापरलेला तक्ता, ताई-दादांच्या फोनमध्ये उतरवलेली कार्डं, आणि या सगळ्यांच्या पुसलेल्या वस्तूंच्या टोपल्या. गटात आलेला तो फोटो अजून कोणाच्या फोनमध्ये असेल तर पुसावा, असं प्रत्येक पालकाला वेगळं कळवलं. कोरा फॉर्म, अधिकारपत्राचा नमुना आणि चाचणी फोनात विचारायचे प्रश्न एवढंच पुढच्या वर्षीच्या माणसासाठी ठेवलं आहे. त्यात आजाराचा रकाना आता बदललेला आहे: 'काही आजार आहे का?' याऐवजी 'गेल्या बारा महिन्यांत दवाखान्यात कशासाठी जावं लागलं?'